बिलाच्या मेलमधून पासवर्ड गेला, त्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

रिव्ह्यू, १ स्टार: "वर्षाचे पैसे घेऊन ऑफिसात अँटीव्हायरस टाकून दिला. तरी बिलाचा मेल उघडला आणि पासवर्ड गेला, वर आमच्या गिऱ्हाइकांना आमच्याच नावाने खोटी बिलं गेली. विचारलं तर दुकानातला पोरगा म्हणतो तुम्हीच क्लिक केलंत. मग पैसे कशाचे घेता?"

ताई नमस्कार. आधी माफी मागतो, पोरगा बोलला ते चुकलंच. हापूसचा सीझन, दिवसाला चाळीस बिलं येणार, त्यात पेट्यांच्या बिलाचा मेल कोणीही उघडेल. काल संध्याकाळी मी स्वतः तुमच्या मशीनवर बसून तो मेल बघितला, तुमचं नाव न घेता इथे सविस्तर लिहितो, कारण रत्नागिरीत अजून बऱ्याच ऑफिसांना हेच मेल येत असणार.

अँटीव्हायरसला त्यात काही सापडलं नाही कारण त्यात व्हायरस नव्हताच. फाईलचं खरं नाव होतं `Invoice_1187.pdf.htm`. विंडोज शेवटचे टिंब आणि त्यापुढची अक्षरं लपवतं, म्हणून डाउनलोडच्या फोल्डरात तुम्हाला दिसलं नुसतं `Invoice_1187.pdf`. पण चित्र बघा, पीडीएफचं नाही, क्रोमचं गोल चित्र होतं. म्हणजे ती फाईल बिल नाही, एक वेब पेज आहे. उघडल्यावर मागे धूसर बिल आणि पुढे चौकट, त्यात तुमचा ईमेल आयडी आधीच भरलेला आणि खाली "बिल बघण्यासाठी ईमेलचा पासवर्ड टाका". तुम्ही टाकलात, चुकीचा आहे म्हणाला, परत टाकलात. तो चुकीचा नव्हताच, टायपिंगची चूक राहू नये म्हणून हे लोक मुद्दाम दोनदा घेतात.

तेव्हा वरची पट्टी बघायला हवी होती. तिथे मेल कंपनीच्या साइटचा पत्ता नाही, `File` आणि पुढे `C:/Users/` असं काहीतरी होतं, म्हणजे पेज तुमच्याच कॉम्प्युटरवरून उघडलंय आणि मेल कंपनीचं लॉगिन असं कधीच उघडत नाही. बँकेच्या स्टेटमेंटला पासवर्ड लागतो हे खरं, पण तो त्या फाईलचा वेगळा असतो. बिल बघायला ईमेलचा पासवर्ड मागितला की तिथेच बंद करायचं, बिल कोणाचंही असो.

पाठवणाऱ्याचं नाव तुमच्या पेटीवाल्याचंच दिसत होतं, पण नावावर क्लिक केलं की खालचा पत्ता भलताच निघाला. अर्थात पत्ता बरोबर असला तरी भरवसा नाही, तुमच्या गिऱ्हाइकांना गेलेली खोटी बिलं तुमच्याच खऱ्या पत्त्यावरून गेली ना! चोर तुमच्या मेलबॉक्समध्ये बसून जुनी बिलं वाचत होता, त्यातलंच एक उचललं, खातं बदललं, "आमचं खातं बदललंय, या लिंकवर आजच भरा" असं लिहून पाठवलं. गिऱ्हाइकाला ओळखायला एकच धागा होता, तो म्हणजे बदललेलं खातं. अशा वेळी मेलमधल्या नंबरवर फोन करायचा नाही, आपल्या वहीत किंवा जुन्या बिलावर जो नंबर आहे त्यावर करायचा आणि ओळखीच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, सीझनची कितीही घाई असली तरी.

आणखी एक गोष्ट काल सापडली. तुम्ही लगेच पासवर्ड बदललात ते चांगलंच केलंत, पण जीमेलच्या सेटिंगमध्ये `Filters and Blocked Addresses` मध्ये चोराने एक नियम टाकून ठेवला होता, "payment" शब्द असलेला प्रत्येक मेल त्याच्या पत्त्यावर पाठवायचा आणि इथून डिलीट करायचा. म्हणून गिऱ्हाइकांचे "हे बिल तुमचंच ना?" असे विचारणारे मेल तुम्हाला दिसलेच नाहीत. पासवर्ड बदलला तरी असा नियम तसाच राहतो, तो हाताने काढावा लागतो. तो मी काढला, बाकी सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट केलं आणि टू-स्टेप चालू करून दिलं.

ज्या गिऱ्हाइकांनी पैसे भरले त्यांना आजच्या आज सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायला सांगा, cybercrime.gov.in वर तक्रारही टाकायला सांगा. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत कळवलं तर अडवता येण्याची शक्यता असते, दिवस गेले की अवघड होतं.

आमची चूक कुठे झाली तेही सांगतो. मशीन लावून देताना `File name extensions` ची टिक आम्ही करून द्यायला हवी होती, मग ते `.htm` तुम्हाला दिसलं असतं. विंडोज ११ ला फोल्डर उघडून `View`, मग `Show`, तिथेच आहे, अर्ध्या मिनिटाचं काम. सोमवारी सकाळी येऊन तुमच्या चारही मशीनवर करून देतो, पैसे घेणार नाही. पोरगाही सोबत येईल. बिलिंगला बसणाऱ्या दोघींना त्या वेळी थांबवून ठेवा, तो मेल मी डिलीट केलेला नाही, त्यांच्यासमोरच दाखवायचा आहे.