प्रोफाइलमध्ये नंबर बदलला, तरी पार्सलवरचा बदलत नाही

"ऑर्डर दिल्यावर नंबर बदलला तरी टेन्शन घेऊ नका. अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये नवा नंबर टाका, कुरिअरला आपोआप जातो. त्या दिवशी घरी नसाल तर डिलिव्हरीवाल्याला फोनवर 'परवा या' सांगा, तेवढं पुरतं. आणि नाहीच जमलं तरी तीन वेळा येणं त्यांना बंधनकारकच आहे."

ऑनलाइन मागवलेल्या पार्सलबद्दल असा सल्ला ऐकायला मिळतो. त्यातला प्रोफाइलचा भाग सगळ्यात जास्त नुकसान करतो. प्रोफाइलमधला नंबर तुमच्या खात्याचा असतो. ऑर्डर देताना त्या वेळच्या पत्त्याची आणि नंबरची एक प्रत ऑर्डरला चिकटते. विक्रेता माल पॅक करून लेबल काढतो तेव्हा हीच प्रत कुरिअरकडे जाते आणि ट्रॅकिंग नंबराशी जोडली जाते. त्यानंतर प्रोफाइलमध्ये केलेला बदल सहसा फक्त पुढच्या ऑर्डरींना लागू होतो. म्हणून नंबर बदलायची खरी वेळ लेबल निघण्याआधीची, आणि जागा प्रोफाइल नव्हे, त्या ऑर्डरचं पान. तिथे 'पत्ता किंवा नंबर बदला' असा पर्याय दिसत असेल तर लेबल बहुधा अजून निघालेलं नाही. पर्याय गायब झाला असेल तर विक्रेत्याला किंवा त्याच्या कस्टमर केअरला गाठायचं.

कुरिअरकडे थेट का नाही? कारण कुरिअरचा करार माल पाठवणाऱ्याशी असतो, घेणाऱ्याशी नाही. बदलाचा आदेश पाठवणाऱ्याकडून आला तर तो सहज नोंदवला जातो. तुमच्याकडून आला तर आधी पार्सल तुमचंच आहे याची खात्री हवी, आणि ती बहुतेक वेळा नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी पाठवून केली जाते.

इथेच लोक अडकतात. समजा सोमवारी ऑर्डर दिली, मंगळवारी माल निघाला, बुधवारी जुनं सिम बंद पडलं. तुम्ही कुरिअरचं ट्रॅकिंग पान उघडता, 'नंबर बदला' दाबता आणि ओटीपी जातो त्या बंद सिमवर. शुक्रवारी माणूस दारात येतो, महागड्या वस्तूला डिलिव्हरी ओटीपी लागतो आणि तोही तिकडेच गेलेला असतो. तुम्ही समोर उभे असूनही तो पार्सल देऊ शकत नाही. त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, ओटीपीशिवाय त्याच्या अ‍ॅपमध्ये डिलिव्हरी पूर्णच होत नाही. हे टाळायला बुधवारीच विक्रेत्याला ऑर्डर क्रमांक, ट्रॅकिंग नंबर आणि नवा नंबर लेखी कळवा, आणि 'कुरिअरकडे नंबर अपडेट करा' असं स्पष्ट लिहा. जुना नंबर चालू असेल तर काम सोपं आहे: अनेक कुरिअर ट्रॅकिंग पानावर पर्यायी नंबर घेतात. पण ओटीपी मूळ नंबरवरच येऊ शकतो, त्यामुळे मूळ सिम डिलिव्हरी होईपर्यंत हाताशी ठेवा.

आता तारखेचं. तोंडी सांगणं पुरत नाही, कारण उद्याचं पार्सल कोणाकडे जाणार हे त्या माणसाच्या हातात नसतं. तो संध्याकाळी पार्सल केंद्रात परत करतो आणि त्यासोबत एक कारण नोंदवतो. 'ग्राहकाने पुढची तारीख मागितली' अशी नोंद झाली तर ठीक. घाईत 'ग्राहक उपलब्ध नाही' किंवा 'घेण्यास नकार' असं पडलं, तर काम बिघडतं. नकाराची नोंद झाली की पार्सल परतीच्या रांगेत लागू शकतं. म्हणून फोन संपला की ट्रॅकिंग पान बघा. कारण चुकीचं दिसलं तर त्याच दिवशी पानावरून तारीख निवडा किंवा विक्रेत्याकडे तक्रार टाका. पान सहसा पुढच्या काही दिवसांतल्याच तारखा देतं. पंधरा दिवसांनी आणा म्हटलं तर बहुतेक ठिकाणी चालत नाही. सकाळी 'आउट फॉर डिलिव्हरी' दिसू लागल्यावर पर्याय अनेकदा बंद असतो, कारण पार्सल गाडीत चढलेलं असतं. शक्यतो आदल्या रात्रीपर्यंत बदल करा.

तीन फेऱ्या हा अनेक कंपन्यांचा रिवाज आहे, सगळ्यांवरचं बंधन नव्हे. कुठे दोनच होतात, कुठे एका फेरीनंतर पार्सल केंद्रातून घेऊन जायला सांगतात. शिवाय फोन न लागल्यामुळे परत गेलेली फेरीही अनेकदा मोजली जाते. म्हणजे चुकीचा नंबर राहिला तर तिन्ही फेऱ्या तुम्हाला पत्ताही न लागता संपू शकतात.

पत्त्याचा नियम याहून कडक आहे. जवळची खूण किंवा मजला जोडता येतो, पण पिनकोड बदलणं सहसा मान्य होत नाही, कारण पार्सलची वर्गवारी आणि मार्ग त्यावरच ठरलेला असतो. वेगळ्या पिनकोडला हवं असेल तर पार्सल निघण्याआधी ऑर्डर रद्द करून नव्याने देणं बरं.

आणि तारीख बदलण्यासाठी अनोळखी मेसेजमधली लिंक उघडून पैसे भरायला सांगितलं, तर भरू नका. ट्रॅकिंग नंबर विक्रेत्याच्या ऑर्डर पानावरून घ्या आणि कुरिअरच्या साइटवर स्वतः टाकून बघा.