अपूर्णांकाचं टाचण: घड्यांवर एवढा वेळ का?

"मॅडम, दोन तासांच्या टाचणात पाऊण तास कागदाच्या घड्या! डी.एल.एड.ची मुलं बारावी झालेली असतात, त्यांना अपूर्णांक येतात. लसावि काढून बेरीज कशी शिकवायची ते दाखवा की. आणि मूल्यमापनाला एकच प्रश्न?"

सर, त्यांना येतात हे मान्य. पण टाचणातलं पहिलं उद्दिष्ट वेगळं आहे: मुलाचं चुकलेलं उत्तर पाहून त्याने काय विचार केला असेल, हे छात्राध्यापकाला सांगता यावं.

१/२ + १/३ = २/५ हे उत्तर तुम्हीही वह्यांत पाहिलं असेल. आपण फुली मारून मोकळे होतो. पण सरावपाठाला फळ्यावर काय असतं? दोन गोल. एकाचे दोन भाग, एक रंगवलेला. दुसऱ्याचे तीन, त्यातला एक रंगवलेला. मुलाने मोजलं: भाग पाच, रंगवलेले दोन. चित्रात दिसलं तेच त्याने लिहिलं! दोन्ही अपूर्णांक एकाच पूर्णाचे, हे त्या चित्रात कुठेच नाही.

म्हणून पट्ट्या. प्रत्येकाला २४ सेंटिमीटरच्या तीन. एकीचा अर्धा भाग १२, दुसरीचा तिसरा भाग ८. हे दोन तुकडे तिसऱ्या, अख्ख्या पट्टीवर एकापुढे एक ठेवले की २० पर्यंत जातात. आता त्याच पट्टीवर २/५ शोधायला सांगते. तो येतो ९.६ वर, म्हणजे अर्ध्याच्याही अलीकडे. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे पाहिल्यावर वर्ग गप्प होतो. मग अख्ख्या पट्टीचे सहा भाग करायचे. अर्ध्यात तीन घरं बसतात, तिसऱ्या भागात दोन. तुमचा लसावि इथे येतो.

वेळ खरा जातो तो तीन भागांच्या घडीत. बरेच जण पट्टी अर्धी दुमडतात, मग एकच अर्धा पुन्हा दुमडतात आणि म्हणतात, "झाले तीन." तीन झाले, पण सारखे कुठे? ही चूक त्यांच्या हातून व्हावी म्हणून फुटपट्टी मी मुद्दाम उशिरा देते. पत्र पाकिटात घालताना घालतो तशी घडी, टोकं सरकवत जुळवायची, हे कुणीतरी शोधतंच. पाच-सात भागांना मात्र घडीचा नाद सोडावा, रेघी कागद घ्यावा.

मूल्यमापनातला प्रश्न असा आहे: मूल म्हणतं, १/४ हा १/३ पेक्षा मोठा, कारण चार मोठे. त्याला पुढचा प्रश्न काय विचाराल? "पोळी तिघांत वाटली तर जास्त मिळेल की चौघांत?" असं काही लिहिलं तर गुण. "नियम पुन्हा समजावीन" याला शून्य.

पण एकाच प्रश्नावर पाठांतराने निभावता येतं, हा तुमचा आक्षेप बरोबर आहे. दुसरा घालते: मूल म्हणतं, ५/६ आणि ७/८ सारखेच, कारण दोन्हींत एकेकच भाग उरला. यावर पोळीचा प्रश्न तसाच्या तसा चालत नाही. उरलेला तुकडा कुठे मोठा, हे विचारावं लागतं.