चहा सुटताना डोकं दुखतं ते ‘विष’ निघतं म्हणून नव्हे

“चहा एका झटक्यात बंद करा. तीन दिवस डोकं दुखेल, ते अंगातलं विष निघतंय. गोळी घेऊ नका, लिंबूपाणी प्या. चौथ्या दिवशी कायमची सुटका.”

चहा सोडणाऱ्याला असा सल्ला सर्रास मिळतो. पण विष निघत असेल, तर दुखणाऱ्या डोक्यावर एक कप चहा प्यायला की तासाभरात आराम कसा पडतो? मेंदूत अॅडिनोसिन नावाचं द्रव्य थकवा आणतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं. अॅडिनोसिन जिथे चिकटतं ती जागा चहातलं कॅफिन अडवून बसतं. रोजच्या चहाने मेंदू अशा जागा वाढवतो. चहा थांबला की अॅडिनोसिनला सगळं रान मोकळं मिळतं, रक्तवाहिन्या रुंदावतात, डोकं ठणकतं. दुखणं साधारण 12 ते 24 तासांनी सुरू होतं, म्हणजे तोवर बरंचसं कॅफिन अंगातून गेलेलंही असतं.

तीन दिवसांचा हिशोबही कच्चा आहे. जोर पहिल्या दोन दिवसांत असतो, पण त्रास दोन ते नऊ दिवस चालू शकतो.

लिंबूपाणी प्यावंच, सोलापूरच्या उन्हात पाणी कमी पडलं तरी डोकं दुखतं. पण त्याने कॅफिनची उणीव भरत नाही. गोळीचं म्हणाल, तर साधी पॅरासिटामॉल एखाद-दोन दिवस प्रमाणात घ्यायला बहुतेकांना हरकत नसते. मात्र डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिनच असतं, म्हणून पाकीट वाचा.

आता सोडायचं कसं? यंत्रमागावर काम करणारा, रोज सहा कप पिणारा माणूस घ्या. दर चार दिवसांनी एक कप कमी करायचा, आधी संध्याकाळचा आणि मग दुपारचा. सकाळचा पहिला कप शेवटपर्यंत त्याच वेळेला ठेवायचा, कारण रात्रीचं अंतर सर्वांत मोठं असतं. रविवारी उशिरा उठून डोकं दुखतं ते यामुळेच.

बहुतेक जण फसतात ते शेवटी. सहावरून पाचवर येणं म्हणजे सहावा हिस्सा कमी, पण दोनवरून एकवर येणं म्हणजे थेट निम्मं. म्हणून तीन कपांवर आलात की एका वेळी अर्धाच कप कमी करा. घरी पावडर चमच्याने मोजा: एका कपाला सपाट चमचा टाकत असाल तर पाऊण, मग अर्धा. दूध वाढवून पावडर तेवढीच ठेवली तर काही उपयोग नाही. टपरीवर पावडर आपल्या हातात नसते, तिथे अर्धा ग्लासच सांगा. कोरा चहा आणि ग्रीन टी हिशोबात धरा. नुसती गवती चहाची पात आणि आलं उकळलं तर त्यात कॅफिन नाही.

डोकं दुखलं तर मागच्या पायरीवर या आणि तिथे आणखी चार दिवस थांबा. पण दुखणं अचानक आणि कधी नव्हे इतकं जोराचं आलं, सोबत ताप, ताठ मान, अडखळतं बोलणं किंवा हातापायात अशक्तपणा असेल, तर चहाला दोष देत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.