‘हार्ड’च्या डावीकडचे रिकामे घर

वाचकाची प्रतिक्रिया: “स्क्रॅबलमधल्या हुकचे, म्हणजे पटावरच्या शब्दाला एक अक्षर जोडून नवा शब्द करण्याच्या युक्तीचे, आपण फार कौतुक करता. माझ्या सात टाइल्सच्या रॅकवर इंग्रजी ‘क्रिएटेड’ तयार होता, पण एस नव्हता आणि कोणतेही अक्षर मानता येणारा ब्लँकही नव्हता. मधल्या आडव्या ओळीत ‘हार्ड’ होता, त्याचा एच केंद्रातल्या घरावर. खाली तेराव्या ओळीतला शब्द सातव्या स्तंभापर्यंत आलेला. जागाच नव्हती. बिंगो, म्हणजे सातही टाइल्स एकाच खेळीत लावणे, हे शेवटी नशीब.”

सात अक्षरे कोणती हाती येतील हे नशिबावर असते आणि एस असल्यास काम सोपे होते, या दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. मात्र आपण सांगितलेल्या पटावर जागा होती.

‘हार्ड’च्या शेवटी एस किंवा वाय लागतो, हे बहुतेकांना आठवते, सुरुवातीला एस लागून ‘शार्ड’ आणि सी लागून ‘चार्ड’ होतो, हे मात्र निसटते. आपल्या रॅकवर सी होता. एचच्या डावीकडचे घर, म्हणजे आठव्या ओळीतले सातवे घर, सीसाठी मोकळे होते आणि त्यातून जाणाऱ्या उभ्या स्तंभात सातही टाइल्स बसवायच्या होत्या.

‘क्रिएटेड’ तिथे बसत नाही, हे आपले निरीक्षण बरोबर आहे, कारण त्यात सी पहिला असल्याने शब्द आठव्या ओळीपासून चौदाव्यापर्यंत उतरतो आणि तेराव्या ओळीतल्या शब्दावर आदळतो. ‘केटर्ड’चीही तीच अडचण. पण याच सात अक्षरांत ‘रिॲक्टेड’ही आहे आणि त्यात सी चौथा येतो, त्यामुळे तीन टाइल्स वर, तीन खाली जातात आणि शब्द पाचव्या ओळीपासून अकराव्यापर्यंत संपतो. म्हणून मी रॅकवर एक शब्द सापडला की थांबत नाही. हुकचे अक्षर कितव्या स्थानी येते ते बदलण्यासाठी टाइल्स पुन्हा हलवतो. (घाईत मीही हे विसरतो.)

गुणही पाहा. ‘रिॲक्टेड’ची अक्षरे 10 गुणांची आहेत, सातव्या आणि नवव्या ओळीतल्या दुप्पट-अक्षर घरांवर ए आणि टी पडल्याने ते 12 होतात. ‘चार्ड’चे 11 आणि सात टाइल्सचे 50 धरून एकूण 73.

सात घरे मोकळी असणे एवढेच पुरेसे नसते, शब्दाच्या वरचे आणि खालचे घरही रिकामे लागते. आपल्या पटावर बारावी ओळ रिकामी होती म्हणून हे जमले असते. तेराव्या ओळीतला आडवा शब्द एक ओळ वर असता, तर शेवटचा डी त्याला चिकटून आठ अक्षरांचा निरर्थक शब्द तयार झाला असता, आणि प्रतिस्पर्ध्याने आव्हान देताच पूर्ण खेळी, ‘चार्ड’च्या गुणांसह, परत घ्यावी लागली असती. तसे झाले असते, तर जागा नव्हती हे आपले म्हणणे मी मान्य केले असते.