बाटलीत पेट्रोल मोजणाऱ्या भाऊसाहेबांसाठी

आज सकाळपासून तो व्हिडिओ चार ग्रुपवर येऊन गेला. एक गृहस्थ पंपावर एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून घेतात, बाटली कॅमेऱ्यासमोर हलवतात आणि ओरडतात, "बघा, गळ्यापर्यंत पण आलं नाही, चोर आहेत सगळे!" खाली दोन हजार लोकांनी टाळ्या वाजवल्यात. ज्यांची अक्कल मी आजवर गृहीत धरत आलो, ते आपले दोघे-तिघेही त्यात आहेत.

अरे बाबांनो, पाण्याची बाटली हे माप नाही! एक लिटर पाणी भरल्यावर वर झाकणापर्यंत जागा उरतेच, ती कंपनीने मुद्दाम ठेवलेली असते. बरोबर एक लिटर पेट्रोल ओतलं तरी ते गळ्याच्या खालीच राहणार. शिवाय प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल भरणं म्हणजे स्थिर विजेच्या ठिणगीला आवतण देणं, ते वेगळंच.

चोरी होत नाही असं मी म्हणत नाही. होते. पण ती पकडायचं साधन त्याच पंपावर, बहुतेक वेळा मॅनेजरच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेलं असतं: पाच लिटरचं माप. शंकूसारखं धातूचं भांडं, वर अरुंद गळा, गळ्यावर शून्याची खूण, तिच्या वर अधिक आणि खाली उणे मिलिलिटरची पट्टी. गळा अरुंद असतो तो शोभेला नाही. रुंद तोंडाच्या बादलीत वीस मिलिलिटरने पातळी केसभरही हलत नाही, गळ्यात ती डोळ्याला दिसेल एवढी हलते. या मापावर वैधमापन खात्याचा शिक्का हवा आणि त्याच्या पडताळणीचं प्रमाणपत्र पंपावर हवं. हे माप मागायचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे. बाटलीवाल्या भाऊसाहेबांनी तेवढं मागितलं असतं तर व्हिडिओ दोन मिनिटांत संपला असता.

अर्थात माप मागितलं म्हणजे काम झालं, असंही नाही. ते कसं वापरतात हे ज्याला कळत नाही त्याला त्याच मापाने गुंडाळता येतं. म्हणून हायवेवरच्या एका पंपाच्या वार्षिक पासिंगचं उदाहरण देतो. मे महिना, दुपार, नोझल नंबर तीन.

निरीक्षक आधी काही मोजतच नाहीत. माप सावलीत, सपाट जागेवर ठेवतात, नोझलमधून ते पूर्ण भरतात आणि टाकीत ओतून देतात. ही पहिली भरती हिशेबात धरायची नाही. कारण हे माप "ओतून देण्यासाठी" जोखलेलं असतं. रिकामं केल्यावर आतल्या भिंतीला जो पातळ थर चिकटून राहतो, तो धरूनच शून्याची खूण ठरवलेली असते. कोरड्या मापात भरलं तर तेवढं पेट्रोल भिंत ओली करण्यात जातं आणि पातळी काही मिलिलिटर खाली दिसते. नोझल बिचारा बरोबर असतो आणि उणा ठरतो.

याची उलटी बाजू जास्त महत्त्वाची. ओतताना धार थांबली की माप तसंच कलतं धरून थेंब गळू द्यायचे, साधारण तीस सेकंद. कुणी घाईघाईत पाच सेकंदांत सरळ केलं आणि तळाशी पंधरा मिलिलिटर राहिलं, तर पुढच्या भरतीत नोझल पंधराने उदार दिसतो. उणे वीसचा नोझल उणे पाचचा होतो. पंपवाला हात जोडून म्हणतो, "बघा साहेब, एकदम करेक्ट." साहेबही मान हलवतात. यंत्राला कुणी हात न लावता सगळं झालेलं असतं. गिऱ्हाइकाने नजर ठेवायची ती इथे. आपण मात्र डिस्प्लेकडे बघत बसतो.

पोचा आलेलं माप हाही त्यातलाच प्रकार. ते नोझलला आहे त्याहून उणा दाखवतं असं लोकांना वाटतं, पण होतं उलटंच. पोचा आत गेला की मापाची जागा कमी होते, म्हणून कमी पेट्रोलमध्येही पातळी शून्यावर पोचते. मापाला वीस मिलिलिटरचा खड्डा असेल तर नोझलची वीस मिलिलिटरची तूट त्यात बेमालूम लपते. पोचा दिसला तर ते माप नाकारा, प्रमाणपत्र कितीही ताजं असू दे.

आता नोझल तीन. माप ओलं झालं, डिस्प्ले शून्यावर आणला, पूर्ण वेगाने पाच लिटर भरले. फेस बसायला थोडा वेळ दिला (डिझेलला जास्त लागतो) आणि डोळा खुणेच्या रेषेत आणून पातळी वाचली: उणे वीस. माप ओतलं, निथळलं, पुन्हा भरलं: उणे वीस. तिसऱ्यांदा उणे पंधरा.

पास की नापास? सूट पाच लिटरला पंचवीस मिलिलिटर, म्हणजे अर्धा टक्का, अधिक किंवा उणे. म्हणजे कायद्याने पास! इथे माझं डोकं फिरतं. ही सूट यंत्राच्या हातापायांसाठी आहे, मालकाच्या खिशासाठी नाही. द्रव मोजणाऱ्या यंत्रांसाठीची आंतरराष्ट्रीय शिफारस, ओआयएमएल आर ११७, स्पष्ट सांगते की सूट आहे म्हणून तिचा फायदा एका बाजूला उपटायचा नाही, यंत्र शून्याच्या जवळात जवळ लावायचं. समजा त्या नोझलवरून दिवसाला दोन हजार लिटर जातात. उणे वीस म्हणजे दिवसाला आठ लिटर पेट्रोल, जे विकलं गेलं पण दिलं गेलं नाही. बाइकवाल्याला पाच लिटरमागे दोनेक रुपयांचा फरक पडतो, त्याला तो कळतही नाही. म्हणूनच तर चालतं.

बरं, मान्य करतो, सगळे उणे नोझल चोरीचे नसतात. उलट मीटर जुनं झालं की ते सहसा गिऱ्हाइकाला जास्तच देतं. आतले पिस्टन झिजतात आणि हळू धारेत थोडं पेट्रोल न मोजताच सटकतं. म्हणून तपासणी पूर्ण धारेत आणि मंद धारेत, दोन्ही करतात. दोन्हींत मोठी तफावत आली की झीज समजायची. अशा वेळी मेकॅनिकला मालकच धावत बोलावतो, गिऱ्हाइकाला बोलवावं लागत नाही. हसू नका.

आणि सकाळच्या पहिल्याच गिऱ्हाइकाला कमी, नंतर सगळ्यांना बरोबर, असं होत असेल तर बहुधा झडप गळतीय. रात्रभरात नळीतलं पेट्रोल मागे सरकतं आणि पहिला माणूस रिकामी नळी भरण्याचे पैसे देतो. मापात दुसरी आणि तिसरी भरती बरोबर येते, म्हणून हा दोष चाचणीत निसटतो. पहिली भरती हिशेबात धरत नाहीत, पण तिच्याकडे बघायचंच नाही असा त्याचा अर्थ नाही.

उन्हाचं काय, असं कुणीतरी विचारणारच. पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१२ टक्के फुगतं. मीटरमधून निघाल्यावर मापात येईपर्यंत ते तीन अंश तापलं, तर पाच लिटरला अठरा मिलिलिटर फुगतं. धातूचं माप स्वतः त्या मानाने नगण्य फुगतं. म्हणजे तासभर उन्हात तापलेलं माप वापरलं की नोझल उदार दिसणार. सावली आणि आधीची ओली भरती, दोन्ही त्यासाठीही. नोझल तीनच्या वेळी माप उन्हात ठेवलेलं असतं तर कदाचित उणे वीसचं उणे पाच झालं असतं आणि कुणी पुढे बघितलंच नसतं.

पुढे काय केलं ते सांगतो. यंत्राचं दार उघडून मीटरवरच्या कॅलिब्रेशन चाकाचं सील निरीक्षकांनी तोडलं. मेकॅनिकने चाक थोडं फिरवलं. पुन्हा तीन भरत्या: शून्य, उणे पाच, शून्य. मग चाकाच्या भोकातून तार ओवून शिशाचं सील दाबलं, त्यावर खात्याची खूण, वर्ष आणि तिमाहीचं अक्षर. तिमाही ए, बी, सी, डी. मे महिना, म्हणून बी. तार तुटलेली, सैल किंवा अक्षर जुनं दिसलं तर तिथेच प्रश्न विचारा.

तरी मापालाही मर्यादा आहे, आणि ती कबूल करताना मला त्रास होतो. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभरातल्या पंपांवर छापे घातले तेव्हा मीटरला नव्हे, पल्सरला चिप सापडल्या. पल्सर म्हणजे मीटरचा दांडा फिरला की डिस्प्लेला ठोके पाठवणारा भाग. चिप ठोके वाढवते, तर मीटर प्रामाणिकच राहतं. साहेब समोर असताना चिप बंद ठेवली तर माप शून्यच दाखवणार. म्हणून पल्सरचंही सील बघावं लागतं. ज्या यंत्रावर मीटरला जोडलेला यांत्रिक आकडा आणि इलेक्ट्रॉनिक आकडा असे दोन्ही असतात, तिथे दोघांची वाढ जुळते का तेही बघावं लागतं. ठोके फुगवले तर इलेक्ट्रॉनिक आकडा पुढे पळतो. आणि चाचणी फक्त गोल पाच लिटरवर न करता दोनशे-पाचशे रुपयांच्या विक्रीवरही करायची, कारण पाच लिटर ओळखून प्रामाणिक होणारं यंत्र बनवणं कठीण नाही.

आणि "गोल रकमेला कमी देतात, ११० रुपयांचं टाका, १०० चं नको" हा फॉरवर्ड बंद करा राव. नोझल उणा असेल तर ११० लाही उणाच.

आता राग थोडा उतरलाय, तर एक सांगतो. व्हिडिओत ज्या पोराच्या अंगावर भाऊसाहेब धावून गेले, त्याच्या हातात नोझल असतो, चाक नाही. ते दाराआड सीलबंद आहे आणि किल्ली मालकाकडे आहे. तो दिवसभर पेट्रोलची वाफ खातो. वाद घालायचा तर मॅनेजरच्या खोलीत जा, माप मागा, शिक्का बघा, पोचा बघा, पहिली भरती फेकायला लावा, तीस सेकंद मोजा आणि मगच पातळी वाचा. उणे पंचवीसच्याही खाली गेलं तर वैधमापन खात्याकडे तक्रार करा, मोबाइलवर नोझल नंबर आणि सीलचा फोटो काढून.

आणि भाऊसाहेब, चाचणीचे ते पाच लिटर परत टाकीत जातात. गाडीत घालून मिळत नाहीत, बाटलीत तर नाहीच नाही.