पाणी नेमके कोणाच्या कानात?

साहेबांचा फोन मी तीनदा कापला, असे कार्यालयात मानले जाते. वस्तुतः तो माझ्या उजव्या इअरबडने कापला, आणि तोही ऑक्टोबरच्या उकाड्यात, दादरला जाणाऱ्या लोकलमध्ये, माझा डावा हात वरच्या कडीत अडकलेला असताना.

फोन उचलण्यासाठी मी बडवर दोन टिचक्या मारल्या. काहीच घडले नाही. पुन्हा मारल्या, तर फोन कापला गेला. तिसऱ्या खेपेस मी स्वतःच्या कानाला ज्या त्वेषाने बडवत होतो, तो पाहून खिडकीपाशी बसलेल्या काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"कानात पाणी गेलंय," त्यांनी निदान केले. "त्या बाजूला मान वाकवून एका पायावर उडी मारा, लगेच उतरेल."

मी म्हणालो, "काका, पाणी नाही, टच चालत नाहीये."

"तेच ते. आमच्या धाकट्यालाही चालत नव्हतं. पोहायला जायचा."

त्या गर्दीत मी एकाच पायावर उभा होतो, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. शेजारच्या दोघांनी मात्र उडीसाठी वीतभर जागा करून दिली. एरवी हीच माणसे तसूभरही सरकत नाहीत.

चीड अशी की काकांचे निदान निम्मे बरोबर होते. बडच्या प्लॅस्टिकखाली बटण नसते, धातूची एक पातळ पट्टी असते, आणि बोट जवळ आले की तिच्या विद्युतधारितेत होणारा बदल मोजला जातो. खारट घाम वीज वाहून नेतो, त्यामुळे बडच्या पाठीवर बसलेला त्याचा थेंब बडला न उठणाऱ्या बोटासारखा वाटतो. माझ्या बडमध्ये बोट दाबून धरणे म्हणजे फोन नाकारणे. मी ज्या रुमालाने बड पुसत होतो, तो तर डोंबिवलीपासूनच ओला होता.

रात्री मी घाईने रीसेट केले आणि फसलो. सेन्सर बोट नसतानाची स्थिती मनाशी धरून पुढचा स्पर्श ओळखतो. ओल्या बडला तीच ओल नेहमीची वाटली आणि तो ठार बहिरा झाला. डावा मात्र व्यवस्थित चालत होता, म्हणजे ॲपमधली सेटिंग बिघडलेली नव्हती. मग कोरड्या मऊ कापडाने पुसल्यावर पाठीवर मळाचा चिकट थर दिसला. तो अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेल्या कापडाने काढला, जाळीला मात्र ते लागू दिले नाही. अर्धा तास पंख्याखाली वाळवून दोन्ही बड डबीत ठेवले, दिवा लुकलुकेपर्यंत डबीचे बटण दाबून धरले, फोनच्या ब्लूटूथ यादीतून जुनी नोंद पुसली आणि नव्याने जोडणी केली. उजवा बड पहिल्याच टिचकीला बोलला.

ज्या शहरात माणूस जिना चढतानाच भिजतो, तिथे घामाला बोट समजणारे यंत्र विकायचे आणि दाबल्यावर टक्‌ वाजणारे साधे बटण काढून टाकायचे, याला प्रगती म्हणतात. त्यासाठी मी जास्तीचे पैसेही मोजले आहेत.

आज काका त्याच खिडकीत होते. "उतरलं?" त्यांनी विचारले.

"उतरलं," मी म्हणालो.

"कुठल्या पायावर मारलीत?"