पायांची रात्रपाळी

दिवसभर माझे पाय अगदी शहाण्यासारखे वागतात. जिना चढताना कुरकुरतात, पण तेवढं चालायचंच. खरा तमाशा रात्री सुरू होतो. सातवा महिना, पोट सांभाळत कुशीवर वळायचं, उशा लावायच्या, दिवा मालवायचा, की पोटऱ्यांच्या आत खोलवर काहीतरी वळवळू लागतं. दुखत नाही, खाजत नाही, पण पाय हलवल्याशिवाय जीव थाऱ्यावर राहत नाही. हलवला की बरं वाटतं. थांबवला की पुन्हा वळवळ सुरू.

नवरा म्हणाला, "गोळा आला असेल, अंगठा वर ओढ." गोळा आला की पोटरी दगडासारखी घट्ट होते आणि माणूस किंचाळतो. माझी पोटरी मऊ होती आणि किंचाळायची वेळ नवऱ्यावर आली होती, कारण मी झोपेत त्यालाच लाथा मारत होते. सासूबाईंनी निदान केलं, "थकवा गं." थकवा असता तर झोप लागली नसती का?

मध्येच डोळा लागतो आणि स्वप्नं सुरू होतात. एकदा बाळ जन्मलं तेच मिशा घेऊन. माझ्याकडे बघून म्हणालं, "मॅडम, अहवाल कुठाय?" दुसऱ्या रात्री मी बाळाला ऑफिसच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली हरवली. घामाघूम होऊन उठले. मैत्रिणींनी त्यात शकुन-अपशकुन शोधले. डॉक्टरीणबाईंनी मात्र साधं कारण सांगितलं: स्वप्नं सगळ्यांनाच पडतात, पण स्वप्नाच्या मध्यातच जाग आली की ते लक्षात राहतं. लघवी, छातीतली जळजळ आणि हे पाय मला दर थोड्या वेळाने उठवत होते, म्हणून प्रत्येक स्वप्न शेवटच्या संवादासकट पाठ. बाळ हरवल्याची स्वप्नं तर गरोदरपणात नेहमीचीच.

पायांबद्दल त्यांनी चारच प्रश्न विचारले. हलवावेसे वाटतात का? बसल्या-पडल्या वाढतं का? हलवल्यावर कमी होतं का? संध्याकाळनंतर जास्त होतं का? चारही उत्तरं "हो". मग म्हणाल्या, "रेस्टलेस लेग्ज. शेवटच्या तिमाहीत बऱ्याच जणींना होतं. लोह तपासू." मी ऐटीत सांगितलं, "हिमोग्लोबिन 11.4 आहे!" त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "ते रक्तातलं झालं. साठा किती आहे ते फेरिटिन सांगेल." ते आलं 12. गरोदरपणात 30 च्या खाली म्हणजे साठा आटला असं धरतात. मेंदूत डोपामिनचं काम नीट चालायला लोह लागतं, आणि ते कमी पडलं की पायांची ही चुळबुळ वाढते. म्हणजे दोष पायांचा नव्हताच, बिचारे वरून येतील ते हुकूम पाळत होते.

लोहाची गोळी सुरू झाली, तीही अटींसह: चहा-कॉफी गोळीच्या आसपास नको, कॅल्शियमच्या गोळीशी तिची गाठ पडू द्यायची नाही. फरक एका रात्रीत पडत नाही, साठा भरायला आठवडे लागतात. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली: सर्दीच्या किंवा 'झोप येते' म्हणून घेतलेल्या काही ॲलर्जीच्या गोळ्यांनी पाय उलट जास्त खवळतात, म्हणून विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. एकाच पायाला सूज, लाली आणि दुखणं असेल तर मात्र थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. ती रक्ताची गुठळी असू शकते.

गोळीचा असर येईपर्यंत रात्री कशा काढायच्या? मला तीन गोष्टी उपयोगी पडल्या. झोपायच्या आधी पोटऱ्या ताणणं आणि नवऱ्याकडून त्या रगडून घेणं (तो रगडता-रगडता स्वतःच झोपतो, पण सुरुवात चांगली करतो). दुसरी म्हणजे घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवणं, कारण 'अडीच वाजले' हे कळलं की मी उरलेल्या तासांची वजाबाकी करत बसते. तिसरी मला सगळ्यात अवघड गेली: साधारण वीस मिनिटांत झोप आली नाही की अंथरुणातून उठायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचायचं आणि डोळे मिटू लागले की परतायचं. मोबाइल नाही. सकाळी उठायची वेळ मात्र तीच, रात्र कशीही गेली तरी. सुरुवातीला हा निव्वळ छळ वाटतो. पण अंथरुण म्हणजे तळमळण्याची जागा ही शरीराला लागलेली सवय त्यानेच मोडते. मी विम्याच्या पॉलिसीची कलमं वाचते. दुसऱ्या पानापलीकडे अजून गेलेले नाही.

झोपताना कुशीवर झोपायचं, हे पाळते. जाग आल्यावर पाठीवर असले तर घाबरायचं नाही, नुसतं वळायचं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाळंतपणानंतर बहुतेकींचे पाय थोड्याच दिवसांत शांत होतात, हेही त्यांनीच सांगितलं. त्यानंतर रात्री लाथा कोण मारणार, हे मी विचारलं नाही. उमेदवार आतून सराव करतोय, हे मला चांगलंच जाणवतंय.